पोस्ट टाकल्यानंतरचे तीन तास

गेल्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला, त्या रात्री ९ वाजून १० मिनिटांनी मी येथे फेसबुकवर एक पोस्ट लिहिली होती. नातेवाइकांच्या गटांवर मुलांच्या गुणपत्रिका टाकल्या जातात आणि त्यामुळे ज्या घरात ५८ टक्के मिळालेले मूल बसलेले असते, त्या घरातील रात्र कशी जाते, असा तिचा विषय होता. पोस्ट कोणाला उद्देशून नव्हती. परंतु त्याच दुपारी माझ्या मोठ्या मावसबहिणीने आपल्या मुलाची गुणपत्रिका आमच्या कुटुंबाच्या गटावर टाकली होती. पोस्ट प्रसिद्ध करण्याचे बटण दाबल्यावर दुसऱ्याच क्षणी ते मला आठवले, आणि तिथून माझे त्या रात्रीचे तीन तास सुरू झाले.

नागपुरातील मे महिन्याच्या रात्री तशीही झोप उशिराच येते. कूलर लावून मी आडवी झाले, फोन उशाशी ठेवला आणि दर चार-पाच मिनिटांनी तो उचलत राहिले. कोणते अ‍ॅप दिवसात किती वेळा उघडले, याची नोंद माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये होते; दुसऱ्या दिवशी ती पाहिली तेव्हा रात्री ९ ते १२ या वेळात फेसबुक ३८ वेळा उघडल्याचे दिसले. त्या ३८ वेळांपैकी बहुतेक वेळा मी एकही प्रतिक्रिया वाचली नव्हती. आकडा पाहायचा, ताईचे नाव आहे का ते शोधायचे, फोन बंद करायचा, एवढेच चालले होते. पोस्ट कोणी पसंत केली असे लगेच कोणी विचारले असते तर मला चार नावेही सांगता आली नसती. वाचणे आणि तपासणे यांतील फरक मला त्या खुणेवरून कळला.

अस्वस्थता असते म्हणून आपण तपासतो, असे मला पूर्वी वाटत असे. ते अर्धेच खरे आहे. फोन उघडला आणि ताईची रागाची प्रतिक्रिया दिसली नाही की छातीवरचे ओझे क्षणभर उतरत असे. हा दिलासा मिनिटभरही टिकत नसे, कारण ‘आत्ता नाही’ याचा अर्थ ‘पुढेही नाही’ असा होत नाही. पण मनाने मात्र एक धडा घेतलेला असतो: जीव घाबरला की फोन उघडायचा, म्हणजे सुटका होते. त्यामुळे पुढच्या वेळी भीती थोडी जरी डोकावली तरी हात आपोआप फोनकडे जातो, आणि न तपासताही ती भीती ओसरू शकते, हे अनुभवण्याची संधी मनाला मिळतच नाही.

त्यात प्रतिक्रिया ठरलेल्या वेळी येत नाहीत. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की टोच मारल्यावर दाणा कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, अशी व्यवस्था असेल तर कबुतर टोच मारणे लवकर सोडत नाही. दर वेळी मिळणारा दाणा बंद झाला तर ते त्यापेक्षा लवकर थांबते. दहा वेळा फोन उघडून काहीच न दिसणे आणि अकराव्या वेळी एका जुन्या विद्यार्थिनीचा सुंदर अभिप्राय दिसणे, ही तशीच व्यवस्था आहे. त्या एका अभिप्रायामुळे मी पुढची दहा उघडझाप केली, हे मला नोंद पाहताना स्पष्ट दिसले.

पहिल्या तासातील शांततेचाही मी चुकीचा अर्थ लावत होते. फेसबुक आपली पोस्ट सगळ्या मित्रांना एकाच वेळी दाखवत नाही. कोणाला काय आणि कोणत्या क्रमाने दाखवायचे, हे ते आपल्या अंदाजाने ठरवते, आणि एखाद्याला ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीही दिसते. शिवाय, साध्या वैयक्तिक पोस्टबाबत ती कोणी पाहिली हे लिहिणाऱ्याला कळत नाही. म्हणजे रात्री साडेनऊला ताई गप्प होती, यावरून ती रागावली आहे, तिने वाचून सोडून दिले आहे की पोस्ट तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही, यांपैकी काहीही ठरवता येत नव्हते. ज्या पडद्यावर उत्तर नव्हतेच, त्यावर मी ते ३८ वेळा शोधले.

त्यानंतरच्या पोस्टच्या वेळी मी सूचना बंद करून पाहिल्या. माझ्या बाबतीत त्याचा उलटाच परिणाम झाला. सूचना वाजत नाही म्हणजे काही आलेच नाही, असे तरी पूर्वी मानता येत असे. आता तेही नव्हते, म्हणून मी अधिक वेळा जाऊन पाहू लागले. उपयोग झाला तो वेळ आधीच ठरवण्याचा. रात्री ९ ला लिहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला आणि नंतर दुपारी २ ला पाहायचे, तेही दहा मिनिटे आणि अभिप्राय पूर्ण वाचूनच. ही वेळ पोस्ट टाकण्यापूर्वी कागदावर लिहावी लागते, कारण टाकल्यानंतरचे मन पंधरा मिनिटांची सवलत मागतेच. आणि ती घड्याळाची वेळ असावी लागते. ‘फारच बेचैन झाले तर पाहीन’ असे ठरवले, तर बेचैन होणे हीच पाहण्याची परवानगी ठरते. त्याच कागदावर मी माझी भीतीही नेमक्या शब्दांत लिहिते: ‘अमुक व्यक्ती सकाळपर्यंत असे असे लिहील.’ मोघम धास्ती तपासता येत नाही, लिहिलेले वाक्य सकाळी ताडून पाहता येते.

पहिल्या दोन-तीन वेळा ओढ कमी न होता वाढली, हे मुद्दाम सांगते, कारण याच टप्प्यावर उपाय लागू पडत नाही असे वाटून माणूस सोडून देतो. माझ्या बाबतीत साधारण वीस मिनिटे हात शिवशिवत असे, आणि नंतर काहीही न करता तो जोर उतरत असे. ओसीडी या मानसिक आजारात भीती शमवण्यासाठी तीच क्रिया पुन्हापुन्हा करण्याची सक्ती वाटते; १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी लंडनमधील अशा दोन रुग्णांना त्या क्रिया करण्यापासून रोखल्यास त्यांना बरे वाटू शकते, असे दाखवले होते. आजही या आजारावर त्याच तत्त्वाचे उपचार केले जातात. फोन पाहण्याची सवय म्हणजे तो आजार नव्हे, आणि ज्यांची झोप, जेवण, काम या सवयीमुळे आठवडेच्या आठवडे बिघडते त्यांनी माझ्या कागदावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

एक अपवाद मी ठेवला आहे. पोस्टमध्ये एखादी चूक राहिली किंवा कोणाची खासगी गोष्ट उघड झाली, तर सकाळपर्यंत थांबणे योग्य नाही. त्यासाठी धरमपेठेतील एका मैत्रिणीला सांगून ठेवले आहे, की तसे काही दिसले तर तिने फोन करावा. तिचा फोन आला नाही, तर मला रात्री काही करायचे नसते.

मे महिन्यातील त्या पोस्टचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. चौथ्या दिवशी मी त्रिमूर्तीनगरला ताईकडेच गेले. ती कूलरमध्ये नवा वाळा भरून घेत होती. मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “अगं, कोणती पोस्ट? निकालापासून पाहुण्यांतून सवडच नाही मला.” मग हात पुसून तिने माझ्यासमोरच ती वाचली, शेवटपर्यंत, सावकाश. मधल्या एका परिच्छेदाशी ती अजिबात सहमत नव्हती, आणि त्यावर आम्ही चहा थंड होईपर्यंत बोलत बसलो.