व्हील स्ट्रॅटेजी आणि महिनोन्‌महिने उतरणारा बाजार : एक प्रतिवाद

व्हील स्ट्रॅटेजी म्हणजे आधी पुट विकणे, म्हणजे प्रीमियम नावाचा मोबदला घेऊन ठरलेल्या भावाने शेअर घेण्याची हमी देणे, आणि शेअर हाती आले की कॉल विकणे, म्हणजे तसाच प्रीमियम घेऊन ते ठरलेल्या भावाने देण्याची हमी देणे. तिच्याबद्दलचा दावा असा आहे : "चांगल्या कंपनीचा पुट विका. शेअर अंगावर आला तर येऊ द्या, तो तसाही घ्यायचाच होता. मग दर महिन्याला कॉल विकत राहा. प्रत्येक प्रीमियमने आपली खरेदीची किंमत खाली येते, म्हणून बाजार पडला तरी व्हीलमध्ये तोटा होत नाही, फक्त वाट पाहावी लागते."

शेअर घेण्याची इच्छा आणि शेअर घेण्याचे बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला शेअर घ्यायचा आहे, तो भाव ९५० वरून ९०० वर आला की थांबू शकतो, थोडे घेऊ शकतो किंवा विचार बदलू शकतो. ९५० चा पुट विकणाऱ्याने मात्र तो पुट वेळीच परत विकत घेतला नाही, तर भाव ९०० असतानाही त्याला ९५० नेच शेअर घ्यावे लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून सर्व शेअर-ऑप्शनचा व्यवहार प्रत्यक्ष डिलिव्हरीने पुरा होतो, त्यामुळे घ्यावा लागतो तो पूर्ण लॉट, म्हणजे ठरावीक संख्येच्या शेअरचा गठ्ठा. निफ्टीच्या ऑप्शनचा हिशेब रोखीत मिटतो, म्हणून हे चक्र एकेका कंपनीच्या शेअरवरच फिरते आणि सगळा पैसा एकाच नावात अडकतो.

खरेदीची किंमत खाली येते, हा मुद्दा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण खरा धोका तिथेच दडलेला आहे. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. शेअर १००० वर आहे, लॉट ५०० चा आहे आणि आपण ९५० चा पुट १८ रुपयांना विकला. एक्स्पायरीला, म्हणजे कराराची मुदत संपली त्या दिवशी, भाव ९०० झाला, ४ लाख ७५ हजार रुपये देऊन शेअर घेतले, निव्वळ किंमत ९३२ पडली. दुसऱ्या महिन्यात ९५० चा कॉल १४ रुपयांना विकला, भाव ८५० वर आला, किंमत ९१८ झाली. इथवर सगळे दाव्याप्रमाणे चालले आहे.

तिसऱ्या महिन्यात पेच येतो. भाव ८५० असताना ९५० च्या कॉलला जेमतेम ३ रुपये मिळतात, तर ८८० च्या कॉलला १६. प्रीमियमची सवय झालेला माणूस ८८० चा कॉल विकतो, म्हणजे स्वतःच्या किमतीच्या खाली शेअर देण्याचा करार करतो. भाव ८०० होतो, किंमत ९०२ वर येते. चौथ्या महिन्यात तो ८३० चा कॉल पुन्हा १६ रुपयांना विकतो, किंमत ८८६ होते, आणि त्याच महिन्यात शेअर उसळून ९०० वर बंद होतो. आता शेअर ८३० ला द्यावेच लागतात. चार महिन्यांत ३२,००० रुपये प्रीमियम हाती आला, तरीही एकंदर तोटा शेअरमागे ५६, म्हणजे २८,००० रुपये. एकही ऑप्शन न विकता ९५० ला शेअर घेऊन स्वस्थ बसलेल्या माणसाचा तोटा त्या दिवशी २५,००० आहे, आणि शेअर अजून त्याच्याकडेच आहेत.

भाव ८०० वरच राहिला असता तर प्रीमियमने व्हीलवाल्याला नक्कीच सावरले असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पडझड सरळ रेषेत होत नाही. घसरत्या बाजारात मधूनमधून जोरदार उसळ्या येतात, आणि किमतीखालचा कॉल विकणाऱ्याच्या वाट्याला घसरण जवळजवळ सगळी येते, उसळीतली मात्र थोडीशीच. पुट विकण्याचा आणि शेअर हाती ठेवून कॉल विकण्याचा नफा-तोट्याचा आलेख एकाच आकाराचा असतो. म्हणजे चाक फिरले तरी जोखीम बदलत नाही.

वाट पाहण्याबद्दल एवढेच म्हणेन की ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे सलग पाच महिने निफ्टी उतरला होता, आणि १९९६ नंतर इतकी लांब घसरण प्रथमच झाली होती. अशा काळात आपल्या खरेदीच्या किमतीवरचे कॉल विकावेत तर प्रीमियम नाममात्र, आणि जवळचे विकावेत तर वरचा पेच. शिवाय ऑप्शनचा प्रीमियम धंद्याचे उत्पन्न धरला जातो, आणि शेअर गुंतवणूक म्हणून दाखवले असतील तर त्यांवरचा तोटा भांडवली ठरतो. भांडवली तोटा धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही, त्यामुळे एकंदरीत तोटा असूनही प्रीमियमवर कर भरण्याची वेळ येऊ शकते.

हे आपल्या खात्यात घडते आहे का, ते ओळखण्यासाठी प्रीमियमची बेरीज वेगळी पाहू नये. आजपर्यंतचा सर्व प्रीमियम आणि शेअरची आजच्या भावाने किंमत यांच्या बेरजेतून शेअरसाठी मोजलेली रक्कम वजा करावी. विकलेला कॉल अजून उघडा असेल तर तो आज परत घेण्याचा खर्चही वजा करावा. आणि नवा कॉल विकण्यापूर्वी त्याची स्ट्राइक, म्हणजे शेअर देण्याचा ठरलेला भाव, अधिक मिळणारा प्रीमियम ही बेरीज आपल्या निव्वळ किमतीहून कमी भरत असेल, तर तो कॉल म्हणजे ठरावीक तोट्याला आधीच दिलेली संमती आहे. त्यापेक्षा त्या महिन्यात कॉल न विकणे, किंवा कंपनीबद्दलचे मत बदलले असेल तर शेअर सरळ विकून टाकणे, हे दोन्ही मार्ग मला अधिक सुज्ञपणाचे वाटतात.