एएमसीत काय येतं, शेठ

जालन्यातल्या एका ठिबकवाल्या शेठच्या दुकानात आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. त्यांचं म्हणणं असं की त्याच्या देखभालीचे, म्हणजे एएमसीचे, वर्षाचे पैसे भरले की दुकानातल्या वायर असलेल्या प्रत्येक वस्तूचा बाप मीच. प्रिंटर अडकला, फोन. नेट गेलं, फोन. एकदा तर इन्व्हर्टर पण. शेवटी आमच्या पार्टनरने सांगितलं, तू एक मेल टाक, लिहून दे काय येतं काय नाही. मराठीत मेल लिहायला बसलं की माझी भाषा एकदम तहसीलदाराच्या नोटिशीसारखी व्हायलीय, ते वेगळंच.

नियम लिहून कोणी वाचत नाही, म्हणून म्हणलं त्यांचंच उदाहरण देऊ. 22 सप्टेंबर 2025 ला ठिबकच्या लॅटरलवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला. आता नवीन रेट आयटम मास्टरमध्ये तारीख टाकून भरणं ही सेटिंग आहे, ती तुम्ही स्वतः करू शकता, अडलं तर फोनवर आम्ही सांगू, हे एएमसीत. पण त्याच आठवड्यात एक शेतकरी आधी नेलेली 10,000 ची लॅटरल परत घेऊन आला. त्याने 12 टक्क्याने 11,200 भरलेले, आणि आपलं सॉफ्टवेअर क्रेडिट नोट 5 टक्क्याने काढायलं, म्हणजे 10,500. तो 700 रुपयांसाठी काउंटरवर ठाण मांडून बसला आणि त्याचं बरोबरच होतं, कारण क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच रेटने निघायला पाहिजे. जे काम सॉफ्टवेअरने करायचं ठरलं होतं ते ते चुकीचं करायलंय, ह्याला बग म्हणतात, हे दुरुस्त करणं फुकट, आणि ते आम्ही त्याच रात्री केलं.

मात्र सबसिडीवाल्या शेतकऱ्यांची गावनिहाय बाकी दाखवणारा नवीन रिपोर्ट, हा बग नाही. तो कधी ठरलेलाच नव्हता, त्याचं कोटेशन वेगळं. आणि 'रिस्पॉन्स 4 तास' म्हणजे 4 तासात आम्ही तक्रार बघायला घेऊ, 4 तासात दुरुस्त करू असं नाही (हे वाक्य मी बोल्ड केलं, मग भांडखोर वाटायलं म्हणून बोल्ड काढलं, मग परत केलं). प्रिंटर, नेट, व्हायरस ज्याचं त्याने बघावं. इन्व्हर्टरचं मी लिहिलंच नाही, कसंतरी वाटलं.

पाच मिनिटात शेठचा रिप्लाय. "साहेब, एकदम क्लिअर. आता एक सांगा, पाव्हण्याने 20 तारखेला माल नेला, अन् आता म्हणतो बिल 5 टक्क्याने पाहिजे. जुन्या बिलाची तारीख पुढं सरकवायचं बटन देता का? हे सेटिंगमधी येतं का बगमधी?"

मी लिहिलं, शेठ, हे तुमच्या सीएला विचारा. सीए त्यांचा मेहुणाच आहे. दहा मिनिटात त्याचा फोन, "ते बटनाचं काय झालं?"