क्लायंटला काहीच कळू नये असा मेल कसा लिहावा

आमच्या सेल्सच्या साहेबांनी परवा क्लायंटला स्कोपबद्दल मेल पाठवला. वाचून वाटलं, ही कला एकट्या माणसाकडे राहणं बरं नाही, म्हणून समस्त आयटीवाल्यांसाठी हा फुकट क्लास.

प्रोजेक्ट असा की क्लायंटचा फराळाचा धंदा, दिवाळीआधी ऑनलाइन ऑर्डरची साइट हवी, फिक्स्ड प्राइस. स्कोप डॉक्युमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय, एका ऑर्डरला एक पत्ता. आणि ऐन ऑगस्टात व्हॉट्सॅपवर मेसेज येतो, "लोक चार नातेवाइकांना फराळ पाठवतात, एकाच ऑर्डरमध्ये चार पत्ते टाकता येतील ना? छोटंसंच आहे."

आता मेल लिहायला घ्या. सब्जेक्टमध्ये फक्त 'अपडेट' टाका.

सुरुवात माफीने करा. मागणी त्यांची, माफी आपली, नातं टिकतं.

नवीन मागणी स्कोपच्या कुठल्या कलमाबाहेर आहे ते चुकूनही लिहू नका. क्लायंटला वाईट वाटेल. त्यापेक्षा 'काही मायनर एन्हान्समेंट्स' म्हणा.

आणि काम का वाढतं ते तर मुळीच सांगू नका. क्लायंटला वाटतंय पत्त्याचा एक रकाना आहे, त्याचे चार करायचे, तर वाटू द्या. ऑर्डरच्या टेबलात पत्ता एकच आहे म्हणून आता ऑर्डरखाली वेगळी शिपमेंट तयार करावी लागणार, चकली कुठल्या पत्त्यावर आणि लाडू कुठल्या हे ग्राहकाला निवडता यायला हवं, कुरिअरचा चार्ज प्रत्येक पत्त्याच्या पिनकोडप्रमाणे वेगळा, लेबलं चार, ट्रॅकिंग नंबर चार, हे कशाला सांगायचं? नागपूरचं पार्सल पोचलं आणि साताऱ्याचं परत आलं तर ऑर्डर 'डिलिव्हर्ड' दाखवायची की 'रिटर्न'? त्या एकाच पार्सलचे पैसे परत द्यायचे म्हणजे पार्शल रिफंड, आणि पूर्ण ऑर्डरवर लावलेलं डिस्काउंट कूपन त्यातून कसं वजा करायचं? एसएमएसचा मजकूर बदलला की टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर टेम्प्लेट पुन्हा अप्रूव्ह करून घ्यायचं, ते आपल्या हातातच नाही. आणि चेकआउटला हात लावला की पेमेंटचं आधी झालेलं सगळं टेस्टिंग पहिल्यापासून, कारण तिथे एक चूक राहिली तर लोकांचे पैसे कटतात आणि ऑर्डर पडत नाही, आणि मग दिवाळीच्या आदल्या रात्री फोन कोणाला येतो? सेल्सला नाही येत!

असो. क्लास चालू आहे.

पैशाचा आकडा लिहू नका, 'थोडा अतिरिक्त खर्च येऊ शकतो' एवढंच पुरे. डेव्हलपमेंट नऊ दिवस, टेस्टिंग चार, दिवसाला ₹६,००० धरून ₹७८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ₹९२,०४०, असा हिशोब डोळ्यासमोर आला की माणूस विचार करायला लागतो ना.

तारखेला 'थोडाफार परिणाम' म्हणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, होकार यायच्या आधीच डेव्हलपरला कामाला लावा. नंतर क्लायंट म्हणतो, झालंच आहे तर पैसे कसले.

बास, आता नाही जमत उपरोध. साहेब, क्लायंट बावळट नाहीये हो. तो धंदा करतो, त्याच्याकडे कोणी पाच किलोची ऑर्डर देऊन आयत्या वेळी आठ किलो मागितले तर तो तीन किलोचे पैसे लावतोच. त्याला फक्त सरळ सांगायचं होतं, की स्कोपच्या अमुक कलमात एक पत्ता ठरलाय, अमुक तारखेला तुम्ही अनेक पत्ते मागितलेत, त्यात शिपमेंट, रिफंड, एसएमएस आणि चेकआउट बदलतं. खर्च इतका. डेव्हलपमेंट आणि टेस्टिंग दोन दिवस एकाच वेळी चालेल असं धरून लाँच अकरा वर्किंग डे पुढे जाईल, एसएमएसचं अप्रूव्हल लांबलं तर त्याहून जास्त. नको असेल तर आत्ता ठरलेली साइट वेळेवर देतो आणि हे दिवाळीनंतर करू. चेंज रिक्वेस्टचा फॉर्म सोबत जोडलाय, शुक्रवारपर्यंत मेलवर होकार द्या, तोवर मूळ काम चालू राहील, नवीन कामाला हात लागणार नाही. दहा ओळींचा मेल! त्यात माफी मागण्यासारखं एक अक्षर नाही आणि भांडण्यासारखंही नाही.

पण तुम्हाला त्या माणसासमोर गोड राहायचंय, आणि तुमच्या गोडव्याचं बिल आमच्या टीमच्या शनिवार-रविवारवर फाडायचंय. नाही करणार. सही केलेली चेंज रिक्वेस्ट आणा, मग सांगा कोड कधी देऊ ते.