डोकेदुखी थांबली पण मन बसलं
"मायग्रेनची गोळी चालू झाल्यापासून मन उदास राहतं, गोळीचा संबंध असेल का?"

असू शकतो हो, आमच्या घरात बघितलंय. माझ्या बहिणीला मायग्रेन येऊ नये म्हणून फ्लुनारिझिन चालू होतं, डोकेदुखी कमी झाली पण दोनेक महिन्यांत ती गप्प गप्प राहायला लागली, सकाळी उठायचंच नाही, आणि आम्हाला वाटलं दुखण्याला कंटाळली असेल. त्या गोळीने काही जणांना डिप्रेशन येतं, टोपिरामेट या मायग्रेनच्या दुसऱ्या गोळीनेही येऊ शकतं, म्हणून आधी कधी डिप्रेशन झालं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं. तिने सांगितलंच नव्हतं, डोक्याच्या डॉक्टरला मनाचं कशाला सांगू म्हणून. मग गोळी बदलून व्हेनलाफॅक्सिन दिलं, ते मायग्रेन आणि डिप्रेशन दोन्हीला चालतं, पण फरक पडायला काही आठवडे गेले.

दुसरी गोष्ट भीतीची. मीटिंग असली की आज डोकं उठणार या धास्तीने ती दुखायच्या आधीच पेनकिलर घ्यायची, कॅलेंडरवर खुणा केल्या तर महिन्यात १७ दिवस निघाले! साधी पेनकिलर महिन्यातून १५ दिवस, मायग्रेन उठल्यावर घ्यायची ट्रिप्टानची गोळी असेल तर १० दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं आणि मग भीती अजून वाढते. तिचं हे चक्र तुटलं ते काउन्सेलिंगमध्ये, धास्ती कुठली आणि खरं दुखणं कुठलं हे ती ओळखायला शिकली तेव्हा.

तुम्ही गोळी मनाने बंद करू नका, पण पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर आजच जा.