फिक्स्ड प्राइस कोट कसा द्यावा: आकडा आधी, हिशोब मागून

नवीन सॉफ्टवेअर प्रोजेक्टचा कोट द्यायचाय ना, मग सगळ्यात आधी एक्सेल उघडू नका, सेल्सवाल्याला फोन लावा आणि विचारा की क्लायंटच्या डोक्यात आकडा किती आहे. तो म्हणेल "बारा हजाराच्या आसपास बसवा". बस, झालं एस्टिमेट. आता फक्त शीट भरायची राहिली, आणि ती खालून वर भरायची, म्हणजे शेवटचा आकडा पक्का धरायचा आणि वरच्या ओळी त्याला जुळेपर्यंत दाबत राहायच्या. उलटं करणारे लोक असतात म्हणे, पण त्यांचे कोट महाग येतात.

तरी शीट दिसायला खरी हवी, म्हणून आता पर्सन-डे, म्हणजे एका माणसाचे किती दिवस लागतील ते. डेव्हलपरला जिन्यात गाठायचं आणि चालता चालता विचारायचं "किती दिवस लागतील रे?" तो म्हणतो "शंभर दिवस होईल, म्हणजे सगळं नीट असेल तर". यातला पुढचा अर्धा भाग ऐकायचा नाही. त्याच्या शंभरात फक्त कोडिंग आहे, टेस्टिंग, डिप्लॉयमेंट, क्लायंट स्वतः सिस्टिम तपासतो त्या युएटीत रोज उठून बग बघणं, मीटिंगा, लाइव्ह गेल्यावरचा वॉरंटीचा महिना, यातलं काहीच नाही, आणि ते त्याने सांगितलंही नाही कारण तुम्ही विचारलंच नाहीत. छान. 100 लिहा.

पुढे दर. इथे अनुभवी माणसाची खरी कला दिसते. चलन कुठलंही धरा, डेव्हलपरचा वर्षाचा खर्च 26,000 आहे समजा. वर्षात शनिवार-रविवार सोडले की 260 दिवस उरतात, भागाकार करा, दिवसाला 100 आला, किती गोल आकडा, बघूनच बरं वाटतं. आता कोणी शहाणा म्हणेल की त्या 260 दिवसांत सणासुदीच्या सुट्ट्या आहेत, रजा आहेत, आजारपण आहे, ट्रेनिंग आहे, दोन प्रोजेक्टच्या मधे रिकामं बसणं आहे, क्लायंटच्या कामावर माणूस जेमतेम 200 दिवस असतो, आणि पगार मात्र पूर्ण वर्षाचा जातो, म्हणून दर 130 पडतो. त्याला सांगा, बाबा तू अकाउंट्सला जा. एकाच भागाकाराने दिवसामागे 30 सोडून दिले, शंभर दिवसांत 3,000, आणि अजून कोणी एक ओळही टाइप केलेली नाही.

मग येतो ओव्हरहेड. यावर माझं आवडतं वाक्य म्हणजे "ऑफिस तर तसंही चालूच आहे". भाडं, वीज, एचआर, अकाउंटंट, लायसन्स, सर्व्हर, सेल्सवाल्याचा पगार, सगळं तसंही चालूच आहे, मग या प्रोजेक्टवर कशाला टाकायचं? प्रत्येक प्रोजेक्टला हेच लावा, म्हणजे ऑफिसचा खर्च कोणावरच पडत नाही, कसा भागतो ते एक गूढच आहे. ज्यांना गूढ आवडत नाही ते असं करतात: वर्षाचा असा खर्च समजा 80,000, क्लायंटचं काम करणारी माणसं 8, प्रत्येकी 200 दिवस, म्हणजे 1,600 दिवस, दिवसाला 50 पडले. वरच्या 130 मधे मिळवले की 180. (आणि काम कमी मिळून 1,600 ऐवजी 1,200 च दिवस विकले गेले तर हेच 50 चे जवळपास 67 होतात, पण वाईट वर्षाचा विचार आधीपासून कशाला करा.) आपण शीटमधे ओव्हरहेड 10 टक्के लिहू, कारण मागच्या शीटमधे तेवढेच होते आणि त्याच्या मागच्यातही.

आता जोडू. 100 दिवस गुणिले 100, झाले 10,000. ओव्हरहेड 1,000. वर 20 टक्के नफा, 2,200. एकूण 13,200. नफा 20 टक्के लिहिला म्हणजे किमतीच्या 20 टक्के नफा झाला असं समजायचं, खरं तर खर्चावर 20 टक्के चढवले की किमतीच्या साधारण 16.7 टक्केच उरतात, किमतीत 20 हवे असतील तर खर्चाला 0.8 ने भागावं लागतं, पण मीटिंगमधे हे कोण सांगत बसणार.

कंटिन्जन्सी, म्हणजे अडचणींसाठीची राखीव तरतूद, राहिलीच की. ती वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत लिहा. क्लायंटच्या परचेसवाल्याला ही ओळ फार आवडते, चष्मा वर करून पहिली तिच्यावरच बोट ठेवतो. "हे काय आहे?" "सर, काही अडचणी आल्या तर…" "म्हणजे तुम्हाला काम नीट येत नाही?" ओळ गेली. परत त्याच मीटिंगमधे म्हणतो 10 टक्के डिस्काउंट द्या, आपण देतो, 13,200 चे 11,880 झाले. डिस्काउंट 1,320 चा, नफा 2,200 चा, म्हणजे शीटवरच्या नफ्याचा 60 टक्के भाग एका "ठीक आहे सर" मधे गेला. कंटिन्जन्सी टक्क्याने सगळ्यावर सारखी लावायची नाही, ज्या ओळीत माहिती कमी आहे तिथे जास्त आणि लॉगिन स्क्रीनसारख्या ओळीत जवळजवळ शून्य, आणि ती त्या त्या ओळीच्या दिवसांतच धरायची, असं एक जुना मॅनेजर म्हणायचा. त्याचे कोट हरायचे. जे जिंकायचे त्यात पैसे मिळायचे, हेही खरं.

आमच्या एका प्रोजेक्टमधे अशीच एक ओळ होती, डेटा मायग्रेशन, 3 दिवस. जुन्या सिस्टिमचा डेटा कोणीच उघडून पाहिला नव्हता. उघडला तर तारखेच्या कॉलममधे अर्ध्या तारखा दिवस आधी आणि अर्ध्या महिना आधी, म्हणजे 04/05 नक्की कुठला दिवस ते विचारायला दर वेळी क्लायंटच्या माणसाला फोन, आणि एकच ग्राहक तीन स्पेलिंगने. लागले 19 दिवस. आधी बसून चांगलं, नेहमीचं आणि वाईट असे तीन आकडे काढले असते, समजा 3, 5 आणि 19, तर नेहमीच्याला चारपट वजन देऊन 42 भागिले 6, म्हणजे 7 आले असते. पुरले नसतेच, पण वाईट आकडा 19 आहे हे तरी कागदावर आलं असतं, आणि "डेटा साफ करून क्लायंट देईल, नाहीतर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वेगळे पैसे" ही एक ओळ कोटमधे गेली असती. ती आम्ही घातली नाही कारण सेल्सवाला म्हणाला अटी फार दिसतात.

हिशोब पूर्ण करू म्हणून सांगतो, शंभराचे 130 दिवस झाले, खऱ्या दराने, म्हणजे 180 ने, 23,400 खर्च, हातात आले 11,880. आणि एक अक्षर वाया गेलं नाही असं धरून शंभरातच उरकलं असतं तरी 18,000 लागले असते, म्हणजे डेव्हलपर चुकला नसता तरी आपण बुडणारच होतो, तरी शिव्या त्यालाच.

प्रोजेक्ट संपल्यावर टाइमशीट कोटशी ताडून बघायचं नाही हे महत्त्वाचं. टाइमशीटमधे तसंही सगळ्यांनी रोज आठ तास भरलेले असतात, मायग्रेशनचे तास "डेव्हलपमेंट"मधे, वॉरंटीतले "इतर"मधे. पुढच्या महिन्यात नवीन क्लायंट आला, सेल्सवाला म्हणाला संध्याकाळपर्यंत पाठवा, मी तीच शीट उघडली, सेव्ह अ‍ॅज केलं, वरचं नाव बदललं, तारीख बदलली. मायग्रेशनच्या ओळीत अजून 3 च होते, क्षणभर कर्सर तिथे थांबला, मग सेल्सवाल्याचा फोन आला.