बिलं 'जपून ठेवली आहेत' म्हणे!

ऑडिटरने मशीनच्या खरेदीचं बिल मागितलं. मिळालं नाही, कारण साफसफाईच्या नावाखाली आमच्याच लोकांनी ते श्रेडरमध्ये घातलं होतं. का? तर बिलावर २०१५ ची तारीख होती आणि 'आपल्याला सहाच वर्षं ठेवायचं असतं'.

अरे, पण सहा वर्षं मोजायची कुठून? बिलाच्या तारखेपासून? बहुतेक नियमांत ही मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून किंवा विवरणपत्र भरल्यापासून मोजतात. त्यात हे मशीन! त्यावर दहा वर्षं घसारा घेतलाय, म्हणजे २०२४ च्या हिशोबातही त्याच बिलाचा आकडा बसलाय. २०२४ च्या हिशोबाची सहा वर्षं २०३० च्या अखेरीस संपतील, तोवर हे बिल लागणारच. शिवाय एखाद्या वर्षाची चौकशी किंवा वाद चालू असेल, तर मुदत संपली तरी त्या वर्षाच्या कागदाला हात लावायचा नसतो. पण नाही, वरची तारीख बघायची आणि फाडायचं!

आणि जी बिलं ठेवली, त्यांचं काय केलंय? थर्मल कागदाची बिलं प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, वर चिकटपट्टी. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने रंग बदलणारा थर असतो. ऊन, गरम कपाट, मऊ प्लॅस्टिकमधली रसायनं, चिकटपट्टीचा गोंद, सगळ्यांनी तो फिका पडतो. फाइल उघडली तर कोऱ्या पट्ट्या! तारीख नाही, रक्कम नाही, विक्रेत्याचं नाव नाही. एकाने तर टिकावं म्हणून लॅमिनेट केलं, ते उष्णतेने काळं पडलं. बिल हातात आलं की त्याच दिवशी स्कॅन करायचं आणि आकडे नीट वाचता येतात का ते तिथेच बघायचं. मूळ कागद टाकता येतो की नाही, हे नियम वाचून ठरवायचं, मनाने नाही.

डिजिटलची तर आणखी चीड येते. डिजिटल सही असलेली पीडीएफ येते, हे तिची प्रिंट काढतात आणि मेल डिलीट करतात. प्रिंटवर ती सही तपासता येत नाही. मूळ फाइल तीच होती! ती आली तशीच ठेवायला हवी होती. त्याहून वाईट म्हणजे नोंदीत फाइलऐवजी विक्रेत्याच्या पोर्टलची लिंक चिकटवायची. खातं बंद झालं की लिंक मेली. 'बॅकअप आहे ना', हे उत्तर मला ऐकवू नका. तो बॅकअप रिस्टोअर करून त्यातली दोन-चार बिलं उघडून बघितलीत का कधी? आणि `scan0047.pdf` मधून कुठल्या विक्रेत्याचं कुठल्या महिन्याचं बिल शोधायचं, ते ऑडिटरसमोर बसून तुम्हीच सांगा!