फुकटचं वायफाय आणि आमचा भाचा

आमचा भाचा यंदा अकरावीला. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका कॅफेचं वायफाय बिनपासवर्डचं, म्हणून क्लास सुटला की सगळी पोरं तिथंच. मी टोकलं तर म्हणतो, "मामा, माझ्या इन्स्टाला पासवर्ड आहे ना? मग वायफायला नसला तर काय बिघडलं?"

गल्लत इथंच होते. इन्स्टाचा पासवर्ड तुमचं खातं उघडतो. वायफायचा पासवर्ड मात्र फक्त आत घेण्यासाठी नसतो. फोन आणि राउटरमध्ये हवेतून जे जातं-येतं, त्याला कुलूप लागतं ते त्याच्याच जोरावर. तो नसला की सहसा सगळं उघड्यावर.

तोंडी पटेना. मग रविवारी माळ्यावरचा जुना राउटर काढला, पासवर्ड काढून टाकला आणि नाव दिलं हुबेहूब त्या कॅफेचं. अर्ध्या मिनिटात त्याचा फोन आपणहून जोडला गेला. त्याने हातही लावला नव्हता! फोन नाव ओळखतो, दुकान ओळखत नाही. शेजारच्या टेबलावर बसून कुणीही हेच करू शकतो.

मग त्याच्यासमोरच लॅपटॉपवर Wireshark लावलं, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉप त्या वायफायला जोडलेलासुद्धा नव्हता, नुसता हवेतलं ऐकत होता. (हे स्वतःच्या घरात, ज्याचा फोन त्याला विचारूनच. लोकांवर करायचे उद्योग नाहीत हे.) पडद्यावर ओळी सरकू लागल्या:

```
Standard query A graph.instagram.com
```

म्हणजे फोन इन्स्टाचा पत्ता विचारत होता. मेसेज दिसले नाहीत, फोटोही नाहीत. हे त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, कारण उगाच बागुलबुवा केला की पोरं पुढचं ऐकत नाहीत. `https` असलेल्या साइटचा मजकूर बंद पाकिटात जातो. पण पाकिटावरचा पत्ता बहुतेकदा वाचता येतो. मधेच मुरुमांवरच्या औषधांच्या एका साइटचं नाव आलं आणि गडी कानापर्यंत लाल. आतलं एक अक्षर दिसलं नव्हतं, तरी कळायचं ते कळलंच.

खरा धक्का पुढे होता. त्याच्या क्लासची निकालाची साइट जुनाट, नुसती `http`. त्याने नेहमीसारखा नंबर आणि जन्मतारीख टाकली आणि लॅपटॉपवर आलं (आकडे मी बदललेत):

```
POST /result.php
roll=214&dob=09-03-2009
```

तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, हे तर वर्गातल्या कुणालाही दिसलं असतं."

आता निकाल तो मोबाइल डेटावरच बघतो. सेव्ह केलेल्या नेटवर्कची यादी उघडली तर त्यात बिनपासवर्डची अकरा नावं निघाली. दहा त्याने तिथल्या तिथे काढून टाकली. कॅफेचं ठेवलंय, पण 'ऑटो-कनेक्ट' बंद करून. तिथं म्हणे मॅच बघायची असते.